ज्युनिअरच्या मसुद्यावर शेरे कसे लिहावेत, म्हणजे तो शिकेल आणि खचणार नाही?

टिपणवही
आमच्याकडे तपासणी अहवालांचा पहिला मसुदा नवीन लोक लिहितात आणि तो तपासायचं काम माझ्याकडे असतं. चार-पाच पानं असतात. मी ट्रॅक चेंजेस चालू करते, वाक्यं सुधारते, कडेला कारणं लिहिते आणि फाइल परत पाठवते. एक जण 'सर्व बदल स्वीकारा' दाबून दहा मिनिटांत फाइल परत करतो आणि पुढच्या अहवालात त्याच चुका येतात. दुसरीचं उलटं झालंय. लाल खुणा पाहून ती हल्ली अगदी बेताचं आणि सांभाळून लिहिते, स्वतःचं निरीक्षण टाकतच नाही.

नमुन्यादाखल पहिल्याच्या मसुद्यातला एक परिच्छेद देते:

> दि. ४ जुलै रोजी पंप क्र. २ बंद पडल्याचे निदर्शनास आले. तंत्रज्ञांना बोलावण्यात आले. तपासणी करण्यात आली असता सील खराब झाल्याचे आढळले. बेअरिंगच्या बाजूने आवाज येत होता. मार्च महिन्यातही सील बदलण्यात आले होते. सील बदलून पंप सुरू करण्यात आला. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती.

मी तो असा केला:

> बेअरिंग खराब झाल्याने पंप क्र. २ चे सील चार महिन्यांत दुसऱ्यांदा निकामी झाले. बेअरिंग बदलण्यास मंजुरी मिळावी.

सुधारलेलं चांगलंच आहे असं मला वाटतं, पण त्यातून तो शिकत नाहीये. शेरे नेमके कसे लिहायचे?

र्‍हस्वदीर्घ
शुद्धलेखन तपासणारं एखादं साधन आधी वापरायला सांगा ना. निम्म्या लाल खुणा तिथेच कमी होतील. शिवाय 'क्र. २ चे' मध्ये जागा सोडायची की नाही यावर एकदाच नियम ठरवून टाका.

टिपणवही
@र्‍हस्वदीर्घ, शुद्धलेखनाची फारशी तक्रार नाहीये हो. परिच्छेदात एकही चूक नसली तरी वाचणाऱ्याला काय करायचं ते कळत नाही, ही अडचण आहे.

सरळमार्गी
माझं मत स्पष्ट आहे. आधी चांगलं काय ते सांगा, मग चूक, मग पुन्हा चांगलं. आणि एका पानावर पाचापेक्षा जास्त शेरे नकोत. माणूस खचतो तो शेऱ्यांच्या संख्येमुळे. संख्या कमी करा, प्रश्न सुटेल.

काकपद
संख्येबद्दल सरळमार्गी यांचं म्हणणं बरंचसं खरं आहे, पण मूळ अडचण संख्येची नाही. तुमच्या फाइलमध्ये ज्युनिअरला करण्यासारखं काही उरतच नाही. अडचण कुठे आहे हे तुम्ही शोधलं, ती कशी सोडवायची ते तुम्ही ठरवलं, नवीन वाक्यही तुम्हीच लिहिलं. त्याच्या वाट्याला एक बटण आलं आणि त्याने ते दाबलं. यात त्याचा आळस नाही, फाइलच तसं करायला सांगते आहे.

म्हणून पहिल्या फेरीत मसुद्याच्या मजकुराला हात लावू नका, फक्त कडेचे शेरे लिहा. तेही पहिल्या वाचनात नाही. पहिलं वाचन पूर्ण, एका बैठकीत, कीबोर्डवर हात न ठेवता करा. संपल्यावर स्वतःसाठी एक ओळ लिहा: हा अहवाल ज्याच्या टेबलावर जाणार आहे त्याला वाचून काय ठरवायचं आहे, आणि ते त्याला ठरवता येईल का? तुमच्या नमुन्यात उत्तर 'येणार नाही' असं आहे. पंप पुन्हा सुरू झाला म्हटल्यावर वाचणारा पान उलटेल. मग या फेरीचा धडा ठरला. मागणी काय आहे ते स्पष्ट लिहिणं आणि ते वर आणणं. बाकी सगळं थांबू शकतं.

धडा एकच ठेवण्याचं कारण फक्त दडपण कमी करणं एवढंच नाही. लेखन-अध्यापनाच्या अभ्यासक नॅन्सी सॉमर्स यांनी १९८२ मध्ये शिक्षकांचे शेरे अभ्यासून दाखवलं होतं की एकाच परिच्छेदावर 'हे वाक्य आटोपशीर करा' आणि 'हा परिच्छेद नव्याने विचार करून वाढवा' असे दोन्ही शेरे असतात. लिहिणाऱ्याला कळत नाही की हा मजकूर पक्का धरून घासायचा की मोडून पुन्हा मांडायचा. अशा वेळी तो सोपं असेल ते करतो, म्हणजे वाक्य घासतो. तुमच्या मसुद्यातलं दुसरं वाक्य बहुधा गळणारच आहे, मग त्याची वाक्यरचना आज सुधारून उपयोग काय?

शेवटचा_बाक
मी शेरे मिळणाऱ्यांच्या बाजूचा आहे. आमच्याकडे कडेला 'अस्पष्ट', 'नीट लिहा', 'असं का?' एवढंच येतं. 'असं का?' म्हणजे खरंच कारण विचारलंय की रागावलेत, हेच कळत नाही. मग विचारायला जायची भीती वाटते आणि वाक्य काढून टाकणं सोपं वाटतं.

काकपद
@शेवटचा_बाक यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. टिपणवही यांची दुसरी ज्युनिअर निरीक्षणं का गाळू लागली, त्याचं एक कारण यात असू शकतं. शेऱ्यातून काय करायचं ते कळलं नाही, तर वाक्य काढून टाकण्यात सगळ्यात कमी धोका असतो.

कडेचा शेरा लिहिताना तीन गोष्टी त्यात असाव्यात: वाचताना इथे काय झालं, त्याने पुढे काय बिघडतं, आणि आता काय करून बघायचं. दोन-तीन वाक्यांत हे बसतं. तुमच्या नमुन्यावर मी असे लिहीन.

शेवटच्या वाक्यावर: "'योग्य ती कार्यवाही' म्हणजे कोणी काय करायचं, ते मला कळलं नाही. हे देखभालप्रमुखांकडे जाणार आहे. त्यांनी नेमकी कशाला मंजुरी द्यायची ते एका वाक्यात लिही आणि ते वाक्य परिच्छेदात सर्वांत वर ठेव."

बेअरिंग आणि मार्चच्या वाक्यांवर मिळून: "ही दोन वाक्यं सर्वांत मोलाची आहेत. मार्चची नोंद तू शोधलीस म्हणून सील दुसऱ्यांदा गेलं हे कळतं. पण ती घटनाक्रमात मध्येच आल्याने नेहमीच्या दुरुस्तीसारखी वाटतात. मागणीच्या लगेच खाली आणून बघ."

सहाव्या वाक्यावर: "सील कोणी बदललं ते दिसत नाही, त्यामुळे काही विचारायचं तर कोणाला, ते कळत नाही. हे एक मी बदलून दाखवते: 'तंत्रज्ञांनी सील बदलून पंप सुरू केला.' असंच आणखी तीन ठिकाणी आहे, तिथे फक्त खूण केली आहे. कर्ता कळणं कुठे गरजेचं आहे ते तू ठरव."

तिसऱ्या शेऱ्यातली रीत महत्त्वाची आहे. एक उदाहरण पूर्ण करून, कारणासह दाखवायचं आणि बाकीच्या ठिकाणी नुसती खूण ठेवायची. लेखन शिकवणारे रिचर्ड हॅसवेल यांनी १९८३ मध्ये नुसत्या खुणेची पद्धत मांडली होती. चूक काय आहे ते न सांगता ते ओळीच्या कडेला फक्त टिकमार्क करत, आणि विद्यार्थी अशा चुकांपैकी साधारण ६० टक्के स्वतःच शोधून दुरुस्त करत. पण ती पद्धत स्पेलिंग, विरामचिन्हं, व्याकरण असल्या वरवरच्या चुकांसाठी होती. नियम माहीत आहे पण लक्ष गेलं नाही, तिथे नुसती खूण पुरते. जिथे नियमच माहीत नाही किंवा मांडणीच चुकली आहे, तिथे नुसत्या खुणेने माणूस चाचपडत राहतो. म्हणून आधी एक उदाहरण करून दाखवायचं.

यंत्रतंत्र
मी भाषेतला माणूस नाही, पंप-मोटरवाला आहे. मला एक वेगळीच गोष्ट खटकली. टिपणवही यांच्या सुधारित परिच्छेदात 'बेअरिंग खराब झाल्याने' असं आहे. मूळ मसुद्यात हे कुठेही नाही. त्याने फक्त आवाज येत होता एवढंच लिहिलंय.

बेअरिंग झिजलं की शाफ्ट थरथरतो आणि सील लवकर जातं, हे खरं. पण उलटंही होतं. आधी सील गळतं, पाणी बेअरिंगपर्यंत पोचतं आणि मग बेअरिंग वाजायला लागतं. शिवाय पंप आणि मोटर एका रेषेत नसतील तर सील आणि बेअरिंग दोन्ही जातात, आणि तेव्हा नवं बेअरिंग घातलं तरी काही महिन्यांनी पुन्हा हीच कहाणी. तुमच्या वाक्यावर सही झाली असती तर कदाचित चुकीच्या भागावर खर्च झाला असता.

टिपणवही
बापरे. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वाक्य जोडून घेताना 'ने' हा प्रत्यय सहज लागला.

काकपद
यंत्रतंत्र यांनी दाखवलं ते मसुदे तपासणाऱ्या प्रत्येकाने लिहून ठेवावं असं आहे. आपण विस्कळीत वाक्यं जोडतो तेव्हा 'म्हणून', 'त्यामुळे', 'ने' हे आपल्याकडून येतात, आणि त्या प्रत्येकात एक दावा असतो. तो दावा करायची माहिती फक्त जागेवर गेलेल्या माणसाकडे असते.

म्हणून माझा नियम असा की ज्या बदलाने अर्थ बदलू शकतो तो बदल करायचाच नाही, प्रश्न लिहायचा. आणि प्रश्न खरा हवा, ज्याचं उत्तर तपासणाऱ्याला माहीत नाही असा. "आवाजाचा आणि सीलचा संबंध आहे असं तुला वाटतं का? सील बदलल्यावरही आवाज राहिला का? रेषेची तपासणी झाली होती का?" असं विचारलं की ज्युनिअर त्या विषयातला जाणकार ठरतो. शेवटचा_बाक यांना आलेल्या 'असं का?' मध्ये आणि यात हाच फरक आहे. तिथे उत्तर विचारणाऱ्याने आधीच ठरवलेलं वाटतं.

क्रियापदाकडेही लक्ष असू द्या. 'लिहायला हवं होतं' हे उलटून गेलेल्या गोष्टीबद्दल आहे, ऐकणाऱ्याला त्यात फक्त ठपका ऐकू येतो. 'लिहून बघ' मध्ये पुढचं काम आहे. आणि कर्ता शक्यतो वाक्य किंवा वाचणारा ठेवा. 'तू गोंधळ केलास' ऐवजी 'इथे मी दोनदा मागे गेले' लिहिलं तर वाद घालण्यासारखं काही उरत नाही, कारण वाचणारी खरंच मागे गेली होती.

सरळमार्गी
पण हे सगळं करायला वेळ कुणाकडे आहे? अहवाल संध्याकाळी पाचला जायचा असतो. तेव्हा प्रश्न विचारत बसायचं? मी तर स्वतः दुरुस्त करून पाठवतो. आणि स्तुतीचं काय? तुमच्या शेऱ्यांत ती जवळपास नाहीच.

काकपद
स्तुती आहे, पण त्या त्या जागी आहे. 'मार्चची नोंद तू शोधलीस म्हणून कळतं' हे वाचून त्याला पुढच्या वेळी नेमकं काय पुन्हा करायचं ते समजतं. सुरुवातीला 'छान प्रयत्न' आणि शेवटी 'एकंदरीत चांगलं' लिहिलं की लोक दोन-तीन वेळांतच ओळखतात, आणि मग कौतुक वाचताना ते 'पण' कुठे येतोय तेच शोधत असतात.

घाईच्या दिवसाबद्दल तुमचं बरोबर आहे. तेव्हा स्वतः दुरुस्त करून पाठवा, पण मूळ मसुद्याची प्रत बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन्ही प्रती त्याला द्या. वर्डमध्ये दोन प्रतींची तुलना करायची सोय आहे, त्यात सगळे बदल दिसतात. त्याला म्हणा, यातले कोणतेही तीन बदल निवड आणि प्रत्येकासमोर ते मी का केले असतील ते एका ओळीत लिही. वीस मिनिटांचं काम आहे. जिथे त्याचं कारण आणि तुमचं कारण जुळत नाही, तिथे शिकवायची जागा सापडते. कधी कधी तो लिहितो की 'या बदलाने अर्थ बदलला', आणि ते तुम्हालाही हवंच असतं.

प्रबंधार्थी
माझा प्रबंध चालू आहे आणि आमचे मार्गदर्शक दर वेळी वेगळं सांगतात. मागच्या खेपेला जे वाक्य त्यांनीच सुचवलं, ते या खेपेला खोडलं. आता मी काय करावं?

काकपद
@प्रबंधार्थी, तुमचा प्रश्न दुसऱ्या बाजूचा आहे, पण कारण इथल्याच विषयातलं असू शकतं. त्यांनी 'हे चूक आहे' आणि 'मला असं आवडतं' यांत फरक केलेला नसावा. आवडीनिवडी दर आठवड्याला बदलतात. त्यांना पुढची फाइल पाठवताना विचारून बघा की यातले कोणते बदल केलेच पाहिजेत आणि कोणते ऐच्छिक आहेत.

टिपणवही, तुम्हीही हे करा. शेऱ्याच्या सुरुवातीला एक शब्द: 'आवश्यक', 'सुचवते' किंवा 'माझी आवड'. लिहिताना स्वतःलाच कळतं की निम्म्या लाल खुणा 'माझी आवड' मध्ये जातात. त्या मग पाठवायच्याच नाहीत. 'परंतु' च्या जागी 'मात्र' करून कोणी काही शिकत नाही, उलट आपला शब्द चुकीचा होता असं त्याला उगीच वाटतं.

यंत्रतंत्र
'करण्यात आले' बद्दल एक शंका. कार्यालयीन अहवालात ते सर्रास चालतं. ते सगळीकडे काढायला लावलं तर पोरगं पुढे प्रत्येक वाक्यात 'तंत्रज्ञांनी, तंत्रज्ञांनी' करत बसेल.

काकपद
तसं होतं खरं. एखादा शेरा मनाला लागला की लोक तो नियम म्हणून सगळीकडे लावतात. म्हणूनच वरच्या शेऱ्यात 'कर्ता कळणं कुठे गरजेचं आहे ते तू ठरव' असं लिहिलंय. कारण लिहिलं की नियमाची हद्द आपोआप कळते. 'तंत्रज्ञांना बोलावण्यात आले' मध्ये कोणी बोलावलं याने कोणाचंच काही अडत नाही, ते तसंच राहू दे किंवा गळू दे.

टिपणवही
तुम्ही सांगितलं तसे शेरे पाठवले, यंत्रतंत्र यांचे प्रश्नही घातले. वरती एक छोटी टीपही लिहिली: या फेरीत फक्त मागणी आणि क्रम पाहिला आहे, भाषा आणि शुद्धलेखन अजून पाहिलेलं नाही. आज त्याचा दुसरा मसुदा आला:

> पंप क्र. २ ची रेषा तपासण्यासाठी तो अर्धा दिवस बंद ठेवण्याची परवानगी हवी. या पंपाचे सील मार्चनंतर ४ जुलै रोजी दुसऱ्यांदा निकामी झाले. तंत्रज्ञांनी सील बदलून पंप सुरू केला, पण बेअरिंगच्या बाजूचा आवाज गेलेला नाही. दोन्ही वेळा पंप आणि मोटर यांची रेषा तपासली गेली नव्हती.

मागणीच वेगळी निघाली! मी बेअरिंग मागत होते. रेषा तपासलेली नाही हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं, पण ते लिहायचं असतं हे माहीत नव्हतं.

मात्र तिसऱ्या पानावर झडपेच्या गळतीचा परिच्छेद आहे, त्यावर मी शेरा दिला नव्हता. तिथे शेवटी अजूनही 'योग्य ती कार्यवाही व्हावी' आहे.

काकपद
दुसरा मसुदा उत्तम झालाय. आणि तिसऱ्या पानावरचा शोध महत्त्वाचा आहे. शेरा दिलेल्या जागा सुधारल्या, याने धडा पोचला की नाही ते कळत नाही. न खूण केलेल्या जागा पाहायच्या. तिथे तीच अडचण उरली असेल तर त्याने तुमचा शेरा त्या परिच्छेदापुरता घेतला.

आता तिथे नवीन शेरा देऊ नका. एवढंच लिहा: 'पान १ वर मागणीबद्दल विचारलेला प्रश्न या परिच्छेदालाही विचारून बघ.' उत्तर त्याच्याजवळ आहे, फक्त ते दुसरीकडे लावायचं आहे. पुढच्या अहवालाच्या पहिल्या मसुद्यात मागणी आपोआप वर आली तर हा विषय संपला आणि पुढचा धडा घ्या. नाही आली, तर मात्र शेऱ्यांनी भागणार नाही, समोर बसून एक परिच्छेद दोघांनी मिळून लिहा.

सरळमार्गी
मग सुरुवातीलाच समोर बसून सांगितलं तर? पंधरा मिनिटांत होतं. लेखी शेऱ्यांवर अर्धा-पाऊण तास घालवण्यापेक्षा ते बरं नाही का? माझं अजूनही हेच मत आहे.

शेवटचा_बाक
समोर सांगितलेलं मान डोलवेपर्यंत कळतं, जागेवर आल्यावर निम्मं आठवत नाही. लेखी असलं की पुढच्या मसुद्याच्या वेळी उघडून बघता येतं. पण ज्या शेऱ्याने मन खट्टू झालंय त्याबद्दल मात्र समोर बोललेलं बरं वाटतं.

काकपद
हे माणसागणिक बदलतं, मी एक बाजू घेणार नाही. टिपणवहींच्या दुसऱ्या ज्युनिअरबाबत मला वाटतं आधी बोलावं. ती निरीक्षणं गाळते आहे, आणि जे पानावर आलंच नाही त्यावर कडेला शेरा लिहिता येत नाही. जागेवर काय काय दिसलं ते तिला तोंडी विचारा, आणि ती सांगेल त्यातलं मसुद्यात काय नाही ते टिपून घ्या. त्यातली एकच गोष्ट निवडून तिला ती लेखी मागा.

टिपणवही
तसं करून बघते. एक राहिलं. आमची फाइल सगळ्या विभागाला उघडी असते, शेरे सगळ्यांना दिसतात. तिच्यासाठी वेगळी प्रत काढावी का?

शेवटचा_बाक
काढाच. आणि शेरे निपटल्यावर स्वच्छ प्रतच सगळ्यांसाठी ठेवा. शेऱ्यांची प्रत मात्र तिच्याकडे राहू द्या, पुढच्या वेळी तिला ती लागेल.